दारू कमी करण्यासाठी दवाखान्यातली दहा मिनिटे

दारू पिणाऱ्या रुग्णाशी फॅमिली डॉक्टरने पाच ते पंधरा मिनिटांत, ठरावीक क्रमाने केलेल्या बोलण्याला वैद्यकात संक्षिप्त समुपदेशन म्हणतात. त्यात आधी मोजके प्रश्न विचारून पिण्याचे प्रमाण काढायचे, त्या प्रमाणाचा रुग्णाच्या तक्रारीशी असलेला संबंध त्याला सांगायचा, कमी करण्याचा स्पष्ट सल्ला द्यायचा, आकड्यात आणि तारखेत बसणारे उद्दिष्ट त्याच्याकडूनच ठरवून घ्यायचे आणि पुन्हा बोलवायचे. हे बोलणे व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करावे लागणाऱ्या माणसासाठी नसते. ज्याचे काम, घर आणि व्यवहार वरकरणी सुरळीत आहेत, पण ज्याच्या पिण्याने शरीराचे नुकसान सुरू झाले आहे किंवा होणार आहे, त्याच्यासाठी ते असते. असा माणूस दारूची तक्रार घेऊन कधीच येत नाही. तो येतो वाढलेल्या रक्तदाबासाठी, छातीतल्या जळजळीसाठी, पहाटे तीनला उडणाऱ्या झोपेसाठी, सोनोग्राफीत दिसलेल्या यकृतावरच्या चरबीसाठी.

याचा उपयोग किती होतो, हेही तपासले गेले आहे. फॅमिली डॉक्टर आणि तातडीच्या विभागांत झालेल्या 69 चाचण्यांचा एकत्र आढावा 2018 मध्ये कोक्रेन या संस्थेने प्रसिद्ध केला. असे समुपदेशन मिळालेले लोक वर्षभरानंतर, ते न मिळालेल्यांपेक्षा आठवड्याला सरासरी 20 ग्रॅम अल्कोहोल कमी पीत होते. हा आकडा मोठा नाही. पण ही सरासरी आहे. त्यात काही न बदललेलेही आले आणि निम्म्यावर आलेलेही आले. खर्च मात्र एका भेटीतल्या काही मिनिटांचाच.

रोजच्या दवाखान्यात या विषयावर जे बोलले जाते, ते बहुधा एका वाक्यात संपते: ‘दारू बंद करा.’ रुग्ण मान हलवतो आणि बाहेर पडतो. या वाक्यात किती, कधीपासून, कसे आणि पुन्हा कधी भेटायचे यांपैकी काहीच नसते, त्यामुळे पाळण्यासारखेही त्यात काही उरत नाही. रीतसर समुपदेशनाचा सगळा भर मोजण्यावर आहे, म्हणून सुरुवात मापापासून करावी लागते.

जागतिक आरोग्य संघटना 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक प्रमाणित माप धरते. बाटलीतले मिलिलिटर, लेबलवरची टक्केवारी आणि अल्कोहोलची घनता (0.789) यांचा गुणाकार केला की ग्रॅम मिळतात. भारतात व्हिस्की, रम, ब्रँडीच्या बाटलीवर बहुतेक वेळा 42.8 टक्के असे छापलेले असते. त्या हिशेबाने 30 मिलिलिटरचा छोटा पेग म्हणजे जवळजवळ नेमके एक माप. 60 चा मोठा पेग दोन मापे, 90 ची बाटली, म्हणजे ‘नाइंटी’, तीन मापे आणि 180 ची क्वार्टर सहा मापे. बिअरबाबत गैरसमज फार. ‘मी फक्त बिअर पितो’ हे वाक्य डॉक्टरांना वारंवार ऐकावे लागते. पण 650 मिलिलिटरच्या आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरमध्ये सुमारे 41 ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे चार मापे, दोन मोठ्या पेगांइतके. पाच टक्क्यांच्या माइल्ड बिअरची तेवढीच बाटली अडीच मापांची भरते. देशी दारूच्या बाटलीवरही टक्केवारी असते, ती वाचून हाच गुणाकार करावा. हातभट्टीची ताकद मात्र कोणालाच सांगता येत नाही, आणि तिच्यात मिथेनॉलसारखे विष असण्याचा धोका वेगळाच.

‘किती पेग?’ असे विचारल्यास उत्तर चुकीचे येण्याचा संभव असतो, कारण घरात ओतलेला पेग कधी 30 चा असतो, कधी 90 चा. त्यापेक्षा ‘बाटली कोणती आणता, ती किती दिवस पुरते, सोबत कोण असते?’ हे विचारावे. बाटलीचे माप कारखान्यात ठरलेले असते, त्यामुळे हिशेब पक्का होतो.

प्रमाण ठरल्यावर चाचणीचे प्रश्न. जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक आरोग्यसेवेसाठी तयार केलेली ‘ऑडिट’ ही दहा प्रश्नांची चाचणी 1989 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. तिचे पहिले तीन प्रश्न पिण्याच्या प्रमाणाचे आहेत आणि वेळ कमी असेल तेव्हा तेवढेच विचारले तरी चालतात. पहिला प्रश्न: दारू किती वेळा घेता? कधीच नाही याला शून्य गुण, महिन्यातून एकदा किंवा त्याहून कमी याला एक, महिन्यातून दोन ते चार वेळा असेल तर दोन, आठवड्यातून दोन-तीनदा असेल तर तीन आणि चार किंवा अधिक वेळा असेल तर चार. दुसरा प्रश्न: ज्या दिवशी घेता त्या दिवशी साधारण किती मापे? एक-दोनला शून्य, तीन-चारला एक, पाच-सहाला दोन, सात ते नऊला तीन, दहा किंवा अधिकला चार. तिसरा प्रश्न: एका बैठकीत सहा किंवा अधिक मापे किती वेळा होतात? कधीच नाही ते रोज किंवा जवळजवळ रोज, असे शून्य ते चार गुण. या तिन्हींची बेरीज पुरुषाच्या बाबतीत चार किंवा अधिक, स्त्रीच्या बाबतीत तीन किंवा अधिक आली, तर पुढचे सात प्रश्न विचारायचे.

पुढचे प्रश्न गेल्या वर्षभरातल्या परिणामांचे आहेत. एकदा सुरू केल्यावर थांबता आले नाही असे झाले का, पिण्यामुळे नेहमीचे काम राहून गेले का, आदल्या रात्री जास्त झाल्यावर सकाळी सावरण्यासाठी पुन्हा घ्यावी लागली का, नंतर अपराधी वाटले का, रात्री काय घडले ते आठवेनासे झाले का, या पाचांना वारंवारितेनुसार शून्य ते चार गुण. शेवटचे दोन प्रश्न: पिण्यामुळे तुम्हाला किंवा दुसऱ्या कोणाला इजा झाली का, आणि नातेवाईक, मित्र किंवा डॉक्टरांनी काळजी व्यक्त करून कमी करायला सांगितले का. या दोघांना, असे घडले पण गेल्या वर्षात नाही तर दोन गुण, गेल्या वर्षात घडले तर चार. एकूण गुण 40. सातपर्यंत धोका कमी. आठ ते पंधरा असतील तर साधा सल्ला, सोळा ते एकोणीस असतील तर सल्ल्यासोबत समुपदेशन आणि पाठपुरावा. वीस किंवा अधिक असतील तर अवलंबित्वाची शंका धरून तज्ज्ञाकडे पाठवणे.

प्रश्न विचारण्याची पद्धत प्रश्नांइतकीच महत्त्वाची. ‘दारू-बिरू पीत नाही ना?’ असे विचारले की उत्तर ‘नाही’ येणारच, कारण प्रश्नानेच ते सुचवलेले असते. रुग्णाची पत्नी, मुलगा किंवा सासरे समोर बसले असतील तर त्यांना काही मिनिटे बाहेर थांबायला सांगावे. वर्धा आणि गडचिरोली या दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांत रुग्ण अधिकच लपवतो. तिथे आधीच सांगावे लागते की हे फक्त उपचारासाठी आहे, पोलिसांसाठी नाही. आणखी एक चूक सगळीकडे होते: हे प्रश्न स्त्रियांना विचारलेच जात नाहीत. स्त्रीच्या शरीरात तेवढ्याच दारूने रक्तातले प्रमाण जास्त चढते आणि यकृताला इजाही लवकर होते. स्त्रियांना न विचारणे हा सभ्यपणा नाही, तपासणीतली उणीव आहे.

हे सगळे एका उदाहरणावरून अधिक स्पष्ट होईल. उदाहरण कल्पित आहे, पण असा रुग्ण महाराष्ट्रातल्या कोणत्याही तालुक्याच्या गावात भेटतो. वय 44, स्वतःचा टेंपो, सांगलीच्या बाजूच्या गावांतून भाजीपाला उचलून पुण्याला नेण्याचा धंदा. रक्तदाब 154/96, गोळी चालू असूनही. पित्ताचा त्रास, झोप अर्धवट. डॉक्टर रक्तदाब मोजून झाल्यावर त्याच धाग्याने विषयात शिरतात.

‘भाऊ, गोळी चालू असून बीपी उतरत नाही. त्याची कारणं शोधायची तर मला जेवण, मीठ, तंबाखू, दारू सगळंच विचारावं लागतं. बीपीच्या प्रत्येक पेशंटला विचारतो. चालेल ना?’

‘विचारा की डॉक्टर.’

‘दारू घेता तेव्हा बाटली कुठली आणता?’

‘क्वार्टर. पण रोज न्हाई. बुधवारी, शुक्रवारी आणि शनवारी.’

‘पूर्ण एकटेच संपवता?’

‘हां. शनवारी मित्र असतात, मग वर एक बिअर होते. स्ट्राँग.’

रुग्णाने ‘मी फार पीत नाही’ असे सुरुवातीला म्हटले असते, तर तेही त्याच्या दृष्टीने खरेच होते. आता कागदावर हिशेब होतो. बुधवारी सहा मापे, शुक्रवारी सहा, शनिवारी सहा आणि बिअरची चार मिळून दहा. आठवड्याची बावीस. पहिल्या प्रश्नाला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. बेरीज आठ, म्हणून पुढचे सात प्रश्न. थांबता न येणे, काम राहणे आणि रात्रीचे न आठवणे हे वर्षात एखाद-दुसऱ्यांदा घडलेले, म्हणून प्रत्येकी एक गुण. सकाळी कधीच घेत नाही, शून्य. महिन्यातून एकदा तरी अपराधी वाटते, दोन. इजा नाही, शून्य. धाकटी मुलगी याच वर्षी ‘बाबा, कमी करा’ म्हणाली, चार. एकूण सतरा.

सतरा या आकड्यात अवलंबित्वाची खूण नाही, पण सकाळच्या दारूबद्दलचे एकच उत्तर पुरेसे मानू नये. डॉक्टर वेगळे विचारतात: ‘चार दिवस घेत नाही तेव्हा हात थरथरतात का, घाम सुटतो का, झटका कधी आला होता का?’ उत्तर नाही. हा रुग्ण आठवड्याचे चार दिवस त्रासाशिवाय कोरडा राहतो, म्हणजे दारू एकदम कमी करणे त्याच्यासाठी सुरक्षित आहे. ही खातरजमा झाल्याशिवाय पुढे जायचे नाही.

यानंतर निष्कर्ष सांगायचा. इथे भाषण देण्याचा मोह होतो आणि तिथेच रुग्ण मनाने उठून जातो. कर्करोग, यकृताचा सिरोसिस, घराची धूळधाण ही यादी त्याने शंभरदा ऐकलेली असते आणि आपल्याला ती लागू नाही असे त्याचे मत पक्के झालेले असते. त्याला लागू पडणाऱ्या दोनच गोष्टी सांगाव्यात, त्याही त्याच्याच आकड्यांतून.

‘तुमची आठवड्याला बावीस मापं होतात. ज्यांना घ्यायचीच आहे त्यांच्यासाठी धोका कमी राहावा म्हणून दिवसाला दोनपेक्षा जास्त नको आणि आठवड्यात किमान दोन दिवस अजिबात नको, असं सांगतात. तुमचे कोरडे दिवस चार आहेत, ते चांगलं आहे. पण ज्या दिवशी घेता त्या दिवशी तिप्पट आणि पाचपट होते. एवढ्या दारूनं बीपी वाढतं आणि गोळीचा गुण येत नाही. पहाटे तीनला झोप उडते तीही बहुतेक त्यामुळेच. दुसरी गोष्ट. रविवारी टेंपो किती वाजता काढता?’

‘पहाटे चारला.’

‘शनिवारी आठला सुरू करून अकराला संपवता. शरीर तासाला साधारण एक माप जाळतं, काहींचं त्याहून कमी. दहातली सहा-आठ चारपर्यंत जळतात. बाकीची दोन ते चार रक्तात असताना तुम्ही गाडी चालवता.’

रुग्ण गप्प होतो. या मुद्द्याला आधार आहे. मोटार वाहन कायद्यानुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि सत्तर किलोच्या पुरुषात दोन मापे शिल्लक असली तरी ही मर्यादा ओलांडली जाऊ शकते. ताक, लिंबूपाणी, कडक चहा किंवा गार पाण्याची अंघोळ यांनी माणूस जागा होतो, दारू लवकर जळत नाही. ज्याला स्वतःला ‘रात्री पिणारा, दिवसा काम करणारा’ असे ओळखायची सवय आहे, त्याला हा हिशेब पहिल्यांदाच ऐकायला मिळतो. सर्वसाधारण भीतीपेक्षा असा एक नेमका आकडा जास्त काम करतो.

मग सल्ला, तोही स्पष्ट शब्दांत: ‘डॉक्टर म्हणून माझं मत आहे की ही दारू तुम्ही बरीच कमी केली पाहिजे. पूर्ण बंद केली तर सगळ्यात उत्तम. पण ठरवायचं तुम्ही.’ दोन्ही अर्धी वाक्ये आवश्यक आहेत. फक्त मत सांगितले की हुकूम होतो आणि फक्त ‘तुमची मर्जी’ म्हटले की डॉक्टरांना फारशी काळजी नाही असा अर्थ निघतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये आरोग्याला अजिबात धोका नाही असे दारूचे कोणतेही प्रमाण नाही, असे जाहीर केले आहे. त्यामुळे दोन मापांची मर्यादा म्हणजे तेवढी घ्यायला परवानगी नव्हे, हे सांगणे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. न पिणाऱ्याला तर ‘थोडी हृदयाला चांगली’ असे कधीही सांगू नये.

उद्दिष्टाकडे वळण्यापूर्वी एक छोटा प्रश्न फार उपयोगी पडतो. ‘शून्य ते दहामध्ये सांगा, दारू कमी करणं तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं?’ रुग्ण म्हणतो, सहा. इथे डॉक्टरांनी ‘दहा का नाही?’ असे विचारले, तर रुग्ण अडचणी सांगू लागतो: धंद्याचा ताण, मित्र, अंगदुखी. त्याऐवजी ‘दोन का नाही, सहा का?’ असे विचारायचे. मग रुग्णच कमी करण्याची कारणे सांगू लागतो: ‘पोरगी दहावीला आहे. टेंपोचा हप्ता आहे. आणि ते चारचं तुम्ही बोललात ते खरं आहे.’ माणूस स्वतःच्या तोंडून जे कारण बोलतो, ते त्याच्याजवळ टिकते. डॉक्टरांनी दिलेले कारण दवाखान्याच्या पायरीवर राहते.

आता उद्दिष्ट. त्यात वार, बाटली आणि तारीख असली पाहिजे. ‘कमी करीन’ हे उद्दिष्ट नव्हे. डॉक्टर पर्याय मांडतात: तीन महिने पूर्ण बंद करून पाहणे, दिवस कमी करणे, बाटली लहान करणे, किंवा ज्या रात्रीनंतर गाडी काढायची ती रात्र कोरडी ठेवणे. निवड रुग्ण करतो. या रुग्णाला पूर्ण बंद करणे आत्ता जमणार नाही असे वाटते. तो म्हणतो, बुधवार सोडतो, शनिवारची बिअर सोडतो, शुक्रवार-शनिवार नाइंटी घेतो. हिशेब: तीन आणि तीन, आठवड्याची सहा मापे, बावीसवरून. दिवसाला दोनच्या मर्यादेपेक्षा अजून एक जास्त आहे, पण डॉक्टर ते पहिली पायरी म्हणून स्वीकारतात आणि एकच बदल सुचवतात: रविवारी पहाटे गाडी असल्याने शनिवारऐवजी रविवारी संध्याकाळ बरी. रुग्ण क्षणभर थांबतो आणि ‘शनवारी मित्र असतात’ म्हणतो. डॉक्टर रेटत नाहीत. ‘मग शनिवारी नऊच्या आत संपवाल?’ ते जमेल. सातला सुरू केलेली तीन मापे मध्यरात्रीपर्यंत उतरलेली असतील.

उद्दिष्ट ठरले तरी ते मोडण्याची जागा आधीच माहीत असते, तिची तजवीज त्याच भेटीत करायची. इथे ती जागा शनिवारची बैठक. क्वार्टर आणून ‘अर्धीच घेईन’ म्हणणारा बहुधा ती संपवतो. म्हणून दुकानातूनच नाइंटी घ्यायची. जेवून बसायचे, रिकाम्या पोटी सुरू करायचे नाही, कारण रिकाम्या पोटी दारू झपाट्याने चढते आणि पुढचा हिशेब सुटतो. प्रत्येक घोटात पाणी जास्त घालून वेळ लांबवायचा. आणि ‘अरे, एकच घे रे’ या आग्रहाला एक तयार उत्तर ठेवायचे: ‘बीपीची गोळी वाढवलीय, डॉक्टरनी मोजून दिलीय.’ हे वाक्य दवाखान्यात एकदा मोठ्याने म्हणून घ्यावे. आपल्याकडे आग्रह मोडणे हे उद्धटपणाचे मानले जाते, आणि आजाराचे कारण मात्र कोणी मोडत नाही.

नोंद ठेवण्यासाठी वही किंवा ॲप लागत नाही. घरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात मापांचा आकडा लिहायचा, कोरड्या दिवशी शून्य. घरच्यांना ते दिसायला नको असेल तर मोबाइलमधल्या कॅलेंडरमध्ये. ही नोंद डॉक्टरांना दाखवण्यापुरती नाही. लिहायचे आहे हे माहीत असले की हात थोडा आखडतो. कागदाच्या तुकड्यावर डॉक्टर स्वतःच्या अक्षरात उद्दिष्ट लिहून देतात: बुधवार शून्य, शुक्रवार नाइंटी, शनिवार नाइंटी नऊच्या आत, बिअर नाही, पुढची भेट पंधरा दिवसांनी. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेल्या गोष्टीला रुग्ण औषधाइतकाच मान देतो.

पंधरा दिवसांनी रुग्ण येतो तेव्हा पहिला आठवडा सहा मापांचा, दुसरा अकराचा. गावात लग्न होते, हळदीच्या रात्री क्वार्टर झाली आणि बुधवारीही दोन मापे झाली. अशा वेळी ‘मला माहीतच होतं’ असा चेहरा केला, तर रुग्ण पुढच्या वेळी खोटा आकडा सांगतो किंवा येतच नाही. डॉक्टर आधी हे सांगतात की अकरा म्हणजे बावीसच्या निम्मी आहेत. मग लग्नाच्या रात्रीपुरते बोलतात: कोणी ओतले, कितव्या मापाला भान सुटले, पुढचे लग्न कधी आहे. सहा आठवड्यांनी मापे आठवड्याला सहावर स्थिरावतात, रक्तदाब 140/90 वर येतो, झोप सुधारते. मग पुढची पायरी: नाइंटीऐवजी साठ. तीन महिन्यांनी पुन्हा भेट. मधल्या भेटींत ऑडिटचे दहा प्रश्न पुन्हा विचारण्यात अर्थ नसतो, कारण त्यातले बरेच प्रश्न गेल्या वर्षभराबद्दल आहेत आणि गुण लगेच बदलत नाहीत. भेटीगणिक आठवड्याची मापेच मोजावीत. सुरुवातीला गॅमा जीटी ही यकृताची रक्ततपासणी वाढलेली असेल, तर काही आठवड्यांत तिचा उतरता आकडा रुग्णाला दाखवणे चांगले. पण ती नॉर्मल असली म्हणून दारू कमी आहे असे धरू नये. जास्त पिणाऱ्या अनेकांची ती नॉर्मलच असते.

सोळा ते एकोणीस गुणांच्या रुग्णाला एक भेट पुरत नाही. अनेक भेटींच्या समुपदेशनाचा उपयोग आपल्या शेजारच्या गोव्यात नीट तपासला गेला आहे. ‘संगत’ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ऑडिटवर बारा ते एकोणीस गुण असलेल्या 377 पुरुषांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले, निम्म्यांना त्याशिवाय जास्तीत जास्त चार भेटींचे समुपदेशन मिळाले. समुपदेशन करणारे डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले स्थानिक तरुण-तरुणी होते. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, दुसऱ्या गटात 26 टक्के. वर्षानंतर हे अंतर आणखी वाढलेले दिसले, सुमारे 54 आणि 32 टक्के. ज्या दवाखान्यात डॉक्टरांना खरोखरच वेळ नाही, तिथे प्रशिक्षित परिचारिका किंवा कंपाउंडर प्रश्न विचारू शकतात आणि हिशेब मांडू शकतात. सल्ल्याची दोन वाक्ये तेवढी डॉक्टरांनी बोलावीत.

या पद्धतीच्या मर्यादा नीट माहीत हव्यात, कारण चुकीच्या रुग्णावर ती वापरली तर जिवावर बेतू शकते. रोज पिणारा, सकाळी हात थरथरतात म्हणून घेणारा, दारू न मिळाल्यास घामाघूम होणारा किंवा पूर्वी झटका आलेला रुग्ण हा कमी करण्याच्या समुपदेशनाचा रुग्ण नाही. त्याला ‘उद्यापासून बंद’ असे सांगणे धोक्याचे आहे. अचानक थांबल्यावर काही तासांत थरथर आणि बेचैनी सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी भ्रम, भास, ताप आणि तीव्र घाबरटपणा असलेली डिलिरियम ट्रेमेन्स ही जीवघेणी अवस्था येऊ शकते. अशा रुग्णाची दारू देखरेखीखाली, औषधांच्या आधाराने सोडवावी लागते. सोबत थायमिन म्हणजे जीवनसत्त्व ब-1 द्यावे लागते. ते न देता नुसते ग्लुकोजचे सलाइन लावल्यास मेंदूला कायमची इजा होऊ शकते. यकृताचा सिरोसिस, गर्भारपण, फिट्सचा आजार किंवा क्षयरोगाची औषधे चालू असतील तर उद्दिष्ट ‘कमी’ नसून पूर्ण बंद हेच असते, आणि अवलंबित्व असेल तर तेही देखरेखीखालीच. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहीने रिकाम्या पोटी दारू घेतली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते आणि लोक त्याला नशा समजून झोपू देतात.

एका प्रथेबद्दल कठोरपणे बोलायला हवे. काही घरांत डायसल्फिरामची गोळी रुग्णाला न सांगता जेवणात किंवा चहात मिसळली जाते. या गोळीवर दारू घेतली की चेहरा लाल होणे, उलट्या, छातीत धडधड आणि रक्तदाब कोसळणे असे होते, आणि हृदयाचा आजार असलेल्याचा मृत्यूही होऊ शकतो. रुग्णाला माहीत असताना, त्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ती द्यायची असते. हताश झालेल्या बायको-आईचे दुःख खरे आहे, पण त्यांना ही गोळी गुपचूप देण्याचा मार्ग कोणी सांगू नये. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधे आहेत, तीही रुग्णाला सांगून आणि यकृताची तपासणी करून दिली जातात.

ज्यांचे गुण वीसच्या पुढे जातात, त्यांना मानसोपचारतज्ज्ञ, जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग किंवा व्यसनमुक्ती केंद्र गाठावे लागते. पुण्यात अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेले मुक्तांगण हे महाराष्ट्रातले अशा केंद्रांपैकी जुने आणि परिचित केंद्र आहे. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या बैठका शहरांत भरतात आणि त्या विनामूल्य असतात. व्यसनमुक्तीसाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा 14416 हे सरकारी मोफत क्रमांक आहेत. दवाखान्याच्या भिंतीवर ते रुग्णाला दिसतील असे लावावेत.